लग्नाची रील : संकलन

लग्नाच्या दिवसभराच्या चित्रीकरणातून तीस ते साठ सेकंदांची उभी चित्रफीत कापून काढण्याच्या कामाला ठाणे-नवी मुंबईतले व्हिडिओवाले ‘रील काढणे’ किंवा ‘टीझर काढणे’ म्हणतात. नौपाड्यापासून ऐरोली-नेरूळपर्यंत हे काम बहुतेक वेळा घरच्याच लॅपटॉपवर चालते. मोठ्या संकलन-सॉफ्टवेअरांचे मासिक भाडे परवडत नाही, म्हणून DaVinci Resolve ची फुकट आवृत्ती वापरली जाते. ज्यांच्या यंत्राला ती झेपत नाही ते Kdenlive किंवा Shotcut ही मुक्त सॉफ्टवेअरे घेतात. दुकानांच्या जाहिराती आणि पाडव्याच्या शोभायात्रेची दृश्ये टाकणारी छोटी चॅनेल्सही याच साधनांवर चालतात, पण खरी कसोटी लग्नात लागते, कारण तिथला क्षण दुसऱ्यांदा घेता येत नाही.

रील बिघडते ती बहुधा कापताना नव्हे, तर त्याआधी, फ्रेमरेट म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हे ठरवताना. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने साध्या प्रतीचे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळतो. फोन बऱ्याचदा आपल्या मनाने ३० फ्रेम आणि १/६० शटर धरतो, आणि मग स्टेजमागच्या पांढऱ्या पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसतात. हे पट्टे काढणारी Deflicker ही सोय Resolve च्या फुकट आवृत्तीत मिळत नाही, त्यामुळे तो दोष चित्रीकरणातच टाळावा लागतो. या कारणाने इथले जाणकार कॅमेरामन २५ किंवा ५० फ्रेमवर शूट करतात आणि रीलची टाइमलाइनही २५ ची ठेवतात.

ठाण्यातल्या एखाद्या हॉलमधले सकाळचे लग्न घेऊ. मुख्य कॅमेरा आडवा 4K, २५ फ्रेमवर स्टेजसमोर उभा आहे. दुसरा 1080, ५० फ्रेमवर हातात फिरतो. शिवाय नवरीच्या मामेभावाचा फोन आहे. अंतरपाट खाली आला त्या क्षणाचा नवऱ्याचा चेहरा नेमका त्या फोनमध्येच मिळाला आहे, म्हणून ते फुटेज घेणे भाग आहे.

Resolve मध्ये नवीन प्रोजेक्ट उघडून आधी Project Settings मध्ये Timeline frame rate २५ करावा. टाइमलाइनवर एकदा क्लिप पडली की तिचा फ्रेमरेट बदलता येत नाही, नवी टाइमलाइन करावी लागते. घाईत फोनची क्लिप पहिली आत ओढली की सॉफ्टवेअर फ्रेमरेट बदलायचा का ते विचारते, आणि हात सवयीने Change वर जातो. प्रोजेक्ट ३० चे होते आणि २५ ने घेतलेले मुख्य कॅमेऱ्याचे चित्र बारीक धक्के खात चालते. कॅमेरा आडवा फिरवलेला शॉट असेल तर हे लगेच जाणवते. ते दिसले की पहिल्यांदा हा आकडा तपासावा.

फोनची दुसरी अडचण आवाजात उघडी पडते. उजेड कमी झाला की बरेच फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतात, म्हणून सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेमची संख्या बदलत राहते. दहा मिनिटांच्या क्लिपमध्ये सरासरी २९.६ फ्रेम असतील तर एकूण १७,७६० फ्रेम भरतात. सॉफ्टवेअरने त्या ३० च्या हिशोबाने चालवल्या तर चित्र ५९२ सेकंदांत संपते, आवाज मात्र ६०० सेकंदांचा असतो. सुरुवातीच्या मंगलाष्टकाला सगळे जुळलेले वाटते आणि शेवटी अंतरपाट आठ सेकंद आधीच खाली येतो, ‘सावधान’ मागून ऐकू येते. आपल्याला हवा असलेला क्षण शेवटचाच असल्याने चूकही तिथेच सर्वांत मोठी होते. MediaInfo मध्ये क्लिप उघडून Frame rate mode पुढे Variable दिसले की ती आधी स्थिर फ्रेमरेटला आणावी. HandBrake मध्ये Constant Framerate निवडून हे होते, किंवा एका ओळीच्या आज्ञेने:

```
ffmpeg -i phone.mp4 -vf fps=25 -c:v libx264 -crf 18 -c:a aac -b:a 192k phone_25.mp4
```

यात आवाज जुळतो, पण जादा फ्रेम गळतात, म्हणून हलत्या हाताने घेतलेल्या शॉटमध्ये किंचित अडखळ राहते. नवऱ्याचा चेहरा दोन सेकंदच दाखवायचा असेल तर ती कोणाच्या ध्यानात येत नाही.

अक्षतांचा शॉट सगळ्यांना संथ हवा असतो. ५० फ्रेमची क्लिप २५ च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने चालवली की प्रत्येक फ्रेम खरी असते आणि दोन सेकंदांचे चार होतात, तांदळाचा दाणा न् दाणा वेगळा दिसतो. मुख्य कॅमेऱ्याची २५ ची क्लिप तशीच संथ केली तर प्रत्येक फ्रेम दोनदा दिसते आणि दाणे थांबत-थांबत पडतात. Optical Flow लावून मधल्या फ्रेम बनवता येतात. मोकळ्या मैदानात चालत येणाऱ्या माणसावर ते बरे दिसते, पण चेहऱ्यापुढून पडणाऱ्या शेकडो दाण्यांचा माग सॉफ्टवेअरला ठेवता येत नाही. दाणे वितळल्यासारखे ओघळतात आणि नवरीच्या गालाची कडाही सोबत ओढली जाते. अशी क्लिप पूर्ण वेगाने ठेवलेलीच चांगली. प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी अक्षता पडतात, त्यामुळे ५० वाल्या कॅमेऱ्यात एखादी फेरी सापडतेच.

उभ्या चौकटीचा प्रश्न लग्नात चमत्कारिक होतो. नवरा-नवरी समोरासमोर, मध्ये अंतरपाट. आडव्या चित्रातून १०८० × १९२० ची मधली पट्टी काढली तर तीत फक्त कापड येते. 4K मधून पूर्ण उंचीची पट्टी साधारण १२१५ पिक्सेल रुंद मिळते, म्हणून एकदा नवरी, एकदा नवरा अशी चौकट सरकवून दोन शॉट काढले तरी चित्र स्वच्छ राहते. 1080 च्या फुटेजमधून पट्टी जेमतेम ६०७ पिक्सेलची येते आणि ती पावणेदोन पट ताणावी लागते. पैठणीचे काठ तिथे मऊ पडतात. म्हणून अंतरपाटाआधीचे चेहरे मुख्य कॅमेऱ्यातून घ्यावेत, आणि दोघे हार घालायला जवळ आले की मगच दोघांना एका चौकटीत आणावे. नावे खालच्या पाचव्या भागात लिहू नयेत, तिथे ॲपची बटणे आणि मजकूर येतो.

फुकट आवृत्तीची एक मर्यादा ऐन वेळी समोर येते. सशुल्क आवृत्तीतला एखादा इफेक्ट चुकून लावला की चित्रावर वॉटरमार्क उमटतो. तो दिसला तर पूर्ण प्रोजेक्ट टाकून देण्याचे कारण नाही, तेवढा सशुल्क इफेक्ट काढला की वॉटरमार्क जातो.

रील H.264 मध्ये, २५ फ्रेम, सुमारे १२ मेगाबिट प्रतिसेकंदाने काढली तर ४५ सेकंदांची फाइल ७० एमबीच्या आत बसते. व्हॉट्सॲपवर ती व्हिडिओ म्हणून पाठवली की ॲप ती पुन्हा दाबते, आणि सर्वांत आधी अक्षतांचे दाणेच चौकोनी होतात. Document म्हणून पाठवावी, आणि घरच्यांना देण्याआधी दुसऱ्या फोनवर उघडून शेवटचे दहा सेकंद आवाजासकट पाहावेत.