तापन वक्र : पाण्याचे सपाट टप्पे आणि नाशिकमधील वाचन

पदार्थाला एकसारख्या दराने उष्णता देत राहिल्यास त्याचे तापमान वेळेनुसार कसे बदलते, हे दाखवणारा आलेख म्हणजे तापन वक्र. वेळ आडव्या अक्षावर आणि तापमान उभ्या अक्षावर घेतात. फ्रीझरमधल्या, पाणी न सुटलेल्या बर्फाच्या तुकड्यांपासून सुरुवात केली, तर आधी एक लहान चढ, मग 0 अंश सेल्सिअसवर सपाट टप्पा, पुन्हा लांब चढ आणि शेवटी उकळण्याचा दुसरा सपाट टप्पा मिळतो. बाजारातून आणलेला, पाणी सुटू लागलेला बर्फ घेतल्यास पहिला चढ दिसतच नाही, कारण असा बर्फ आधीच 0 अंशाला आलेला असतो.

सपाट टप्प्यावर उष्णता थांबत नाही. ती रेणूंचा वेग वाढवण्याऐवजी त्यांच्यामधली हायड्रोजन बंधांची पकड सोडवण्यात खर्च होते. तापमान हे रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप असल्याने तापमापीचा पारा हलत नाही. या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. भांड्यात बर्फ शिल्लक असताना पाण्याचा एखादा भाग थोडा तापला, तरी तो लगेच जवळच्या बर्फाला उष्णता देऊन पुन्हा खाली येतो. मात्र त्यासाठी मिश्रण ढवळत राहावे लागते. न ढवळल्यास बर्फ वर तरंगतो आणि 4 अंशांजवळचे जड पाणी तळाशी बसते. तापमापीचा फुगा तिथे असेल, तर टप्पा 0 वर न दिसता तिरका आणि वर सरकलेला दिसतो.

या कल्पनेचे श्रेय वादग्रस्त आहे. ग्लासगो येथे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅकने 1760 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत, बहुधा 1761–62 च्या सुमारास, सारख्या वजनाचे बर्फगार पाणी आणि बर्फ दोन काचगोलांत भरून एका दालनात टांगले. पाणी अर्ध्या तासात 7 अंश फॅरनहाइट तापले. बर्फाला वितळून त्याच तापमानाला यायला साडेदहा तास, म्हणजे एकवीसपट वेळ लागला. त्यावरून ब्लॅकने वितळण्याची उष्णता तेवढ्याच वजनाच्या पाण्याला सुमारे 140 अंश फॅरनहाइटने तापवण्याइतकी काढली. आजचे मूल्य 144 च्या आसपास भरते. ब्लॅकची व्याख्याने मात्र मरणोत्तर, 1803 मध्ये छापली गेली. स्वीडनच्या भौतिकशास्त्रज्ञ योहान विल्केने स्वतंत्र मापन 1772 मध्ये प्रसिद्ध केले. जिनिव्हाचे निसर्गअभ्यासक द ल्यूक यांचाही दावा सांगितला जातो. छापील अग्रक्रम विल्केकडे जात असला, तरी मापनाचा अग्रक्रम ब्लॅककडे देणे अधिक सयुक्तिक वाटते.

टप्प्यांची लांबी एका उदाहरणावरून कळते. −10 अंशाचा 100 ग्रॅम बर्फ घेऊन त्याला 200 वॅट उष्णता प्रत्यक्षात मिळत आहे असे धरू. 0 अंशापर्यंत यायला सुमारे 10 सेकंद, वितळायला 167 सेकंद, 98 अंशापर्यंत तापायला 205 सेकंद आणि पूर्ण वाफ व्हायला जवळपास 19 मिनिटे लागतात. दुसरा टप्पा पहिल्याच्या सुमारे पावणेसातपट लांब असतो, कारण वाफ होताना रेणू एकमेकांपासून पूर्ण सुटावे लागतात. बर्फाचा चढ पाण्याच्या चढाच्या दुप्पट तीव्र दिसतो, कारण बर्फाची विशिष्ट उष्मा धारकता पाण्याच्या निम्मी आहे.

इथे 100 ऐवजी 98 अंश घेण्याचे कारण नाशिकची उंची. शहर समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास आहे आणि हवेचा दाब साधारण 945 हेक्टोपास्कल असतो. त्यामुळे पाणी सुमारे 98 अंशाला उकळते. जिल्ह्याच्या सीमेवरच्या कळसूबाईच्या 1,646 मीटर माथ्यावर हाच टप्पा 95 अंशांजवळ येईल. मोबाइलवरच्या हवामानात नाशिकचा दाब 1,010 च्या आसपास दिसतो, पण तो समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला आकडा असतो. तो घेऊन उत्कलनांक काढल्यास उत्तर चुकते.

शाळेच्या प्रयोगवहीत 98 वाचूनही 100 लिहिण्याची सवय आढळते. असे करू नये. तापमापी खराब आहे की दाब कमी आहे, हे त्याच वक्रातला पहिला टप्पा सांगतो. बर्फाचा द्रवणांक दाबाने जवळपास बदलत नाही. एका वातावरणाइतक्या दाबाच्या फरकाने तो अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी हलतो. शुद्ध बर्फाचा टप्पा, नीट ढवळूनही, 0 ऐवजी 1 अंशावर आला तर तापमापी त्या जागी 1 अंशाने चुकते. तीच चूक वरच्या टोकालाही असेल असे मानले, तर उकळणीचे 99 हे वाचन म्हणजे खरे 98. पहिला टप्पा नेमका 0 वर आणि दुसरा 98 वर आला, तर तापमापीवर संशय घेण्याचे कारण राहत नाही. दुसरा टप्पा 100 च्या वर गेला, तर फुगा भांड्याच्या तळाला टेकला आहे का किंवा पाण्यात मीठ विरघळलेले आहे का, हे आधी तपासावे.