उशाशी मोगरा आणि बंद खोलीतली हवा

मार्च उजाडला की लातूर, परभणी, नांदेडच्या बाजारांत मोगऱ्याचे गजरे दिसू लागतात आणि लग्नसराई सरेपर्यंत ते घरोघरी येत राहतात. त्यांच्याबरोबर वडीलधाऱ्यांची एक ताकीदही येते. झोपताना गजरा उशाशी ठेवू नये, कारण फुले रात्री प्राणवायू ओढून घेतात, डोके धरते आणि झोप लागत नाही. या ताकिदीत दोन वेगळे दावे एकत्र आले आहेत, एक हवेविषयी आणि दुसरा वासाविषयी. त्यांची उत्तरे सारखी नाहीत, म्हणून ते वेगवेगळे तपासावे लागतात.

हवेविषयीचा दावा अडाणीपणातून आलेला नाही. त्याचे मूळ एका उत्तम प्रयोगात आहे. यान इंगेनहाउस या डच वैद्याने १७७९ मध्ये वनस्पतींवरील आपले प्रयोग पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. वनस्पतींचे हिरवे भाग उन्हात हवा शुद्ध करतात, अंधारात मात्र ती बिघडवतात, आणि फुले तर रात्रंदिवस हवा बिघडवतात, असे त्याला आढळले. हे निरीक्षण आजही बरोबर आहे. पाकळ्यांमध्ये प्रकाशसंश्लेषण जवळजवळ होतच नाही, पण श्वसन सतत चालू असते. त्यामुळे फूल प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. रुग्णालयांतील खोल्यांमधून रात्री फुले बाहेर नेऊन ठेवण्याची युरोपातली जुनी प्रथा याच समजुतीवर उभी होती. राहिला तो प्रश्न प्रमाणाचा. इंगेनहाउसने पाने-फुले छोट्याशा बंद भांड्यात कोंडून ही हवा तपासली होती. आपण खोलीत झोपतो.

तो हिशेब एकदा मांडून पाहू. दहा फूट लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच अशी लातूरमधली एक खोली घ्या. एप्रिल महिना आहे, एसी लावून दारे-खिडक्या बंद केल्या आहेत, आत पती-पत्नी झोपले आहेत आणि उशाशी शंभर ग्रॅम मोगरा, म्हणजे चांगले दोन-चार गजरे आहेत. खोलीत सुमारे २८,००० लिटर हवा मावते आणि त्यातला प्राणवायू ५,९०० लिटरच्या आसपास भरतो. झोपलेला प्रौढ माणूस तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो, म्हणजे दोघांचे आठ तासांत जवळपास २०० लिटर होतात. खुडलेल्या फुलांच्या श्वसनाचा वेग जातीप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे बदलतो, तरी सढळ हाताने किलोमागे ताशी एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर या शंभर ग्रॅम मोगऱ्याचा रात्रभराचा वाटा अर्ध्या लिटरलाही पोचत नाही. दोनशे लिटर माणसांचे आणि अर्धा लिटर फुलांचा! गजरा बाहेर ठेवून खोलीत लहान मूल झोपवले, तर हवेच्या दृष्टीने सौदा कितीतरी तोट्याचा ठरेल, आणि मुलांना कुणी खोलीबाहेर काढत नाही.

प्राणवायूची चिंता माणसांच्या बाबतीतही करण्याजोगी नाही. खोली अगदी हवाबंद मानली, तरी या दोघांच्या रात्रभराच्या श्वसनाने तो २१ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आसपास येईल, आणि प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतूनही हवा येत-जात असते. कार्बन डायऑक्साइडचे मात्र तसे नाही. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतो, तर बंद शयनगृहात पहाटेपर्यंत ०.२ ते ०.३ टक्क्यांपर्यंत सहज चढतो. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांतील हवा काही दिवस खेळती आणि काही दिवस कोंदट ठेवली. खेळत्या हवेत त्यांची झोप सुधारली आणि दुसऱ्या दिवशी एकाग्रताही वाढली. विद्यार्थी मोजकेच होते, त्यामुळे या निष्कर्षाला फार ताणू नये, पण दिशा स्पष्ट आहे. सकाळी डोके जड होण्याचे कारण शोधताना आधी बंद खिडकीकडे पाहावे. आपल्याकडचा खिडकीत बसवलेला कूलर या बाबतीत एसीपेक्षा सरस आहे, कारण तो बाहेरची ताजी हवा आत ढकलतो. नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून फिरवत राहतो.

आता वासाकडे वळू, कारण ताकिदीत तथ्य असेल तर ते येथे आहे. मोगऱ्याची कळी दुपारपर्यंत खुडली जाते आणि संध्याकाळनंतर उमलते, म्हणजे वासाचा जोर नेमका आपण झोपायला जातो तेव्हा असतो. या वासात लिनालूल आणि बेंझिल अ‍ॅसिटेट यांसारखी द्रव्ये असतात, शिवाय थोडे इंडोलही असते. इंडोल अल्प प्रमाणात गोड वाटते, पण त्याचा अंश वाढला की तोच वास उग्र आणि नकोसा होतो. उघड्या ओसरीवर हवाहवासा वाटणारा मोगरा बंद खोलीत काहींना सोसत नाही, यात नवल नाही. विशेषतः अर्धशिशी असलेल्यांपैकी अनेकांना तीव्र वास सहन होत नाही आणि काहींचा झटका वासानेच सुरू होतो. दमेकऱ्यांपैकी काहींच्या श्वासनलिकांनाही उग्र वास चाळवतो. ही परागकणांची अ‍ॅलर्जी नव्हे. मोगऱ्याचे पराग वाऱ्यावर पसरणारे नसतात. गाजर गवत किंवा गादीतले धूलिकीटक अ‍ॅलर्जीसाठी अधिक संशयास्पद आहेत. शिवाय दमा फुलांवाचूनही पहाटे चारच्या सुमारास बळावतो, कारण त्या वेळी श्वासनलिका मुळातच आकुंचित असतात, आणि उशाशी गजरा दिसला की आळ त्याच्यावर येतो.

ज्यांना असा त्रास नाही, त्यांची झोप वासाने मोडते का? अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपलेल्या तरुणांना पेपरमिंटचा आणि पिरिडीन या दुर्गंधी द्रव्याचा वास देण्यात आला. झोप लागता लागता त्यांनी प्रतिसाद दिला, पण गाढ झोपेत वासाने ते जागे झाले नाहीत. म्हणजे वासाचा उपद्रव झालाच तर तो बहुधा डोळा लागण्यापूर्वी किंवा झोप सावध असताना होतो. उलट बाजूने, मोगऱ्यासारख्या फुलांचा वास झोपेच्या गोळीइतका गुणकारी असल्याच्या बातम्या २०१० मध्ये जगभर झळकल्या. मूळ जर्मन संशोधन प्रयोगशाळेत बनवलेल्या सुगंधी द्रव्यावर होते आणि वास घेतला होता पिंजऱ्यातल्या उंदरांनी. त्या भरवशावर चालू गोळी बंद करणे धोक्याचे आहे.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट फुलदाणीच्या पाण्याची. निशिगंधाच्या दांड्या चार-पाच दिवस त्याच पाण्यात राहिल्या तर डेंग्यू पसरवणारा एडिस डास तिथे अंडी घालू शकतो. म्हणून पाणी दोन दिवसांनी बदलावे आणि फुलदाणी आतून घासावी. गजरा बाहेर काढून त्याच बंद खोलीत डासांची कॉइल जाळणाऱ्यांनी तर थोडे थांबावे. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडल्याचे मोजले गेले होते.

सकाळी डोके दुखत असेल आणि दोष कुणाचा हे ठरवायचे असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. काही रात्री फुले तशीच ठेवून खिडकी चार बोटे उघडी ठेवावी, पुढच्या काही रात्री खिडकी बंद ठेवून फुले देवघरात न्यावीत, आणि दोन्ही वेळी सकाळी काय वाटले ते लिहून ठेवावे. खिडकीने फरक पडला तर कारण कोंदट हवा असण्याची शक्यता अधिक. खिडकी उघडी असूनही वास येताच अर्ध्या-पाऊण तासात कपाळ ठणकू लागत असेल, तर त्या व्यक्तीपुरती आजीची ताकीद खरी आहे. दम लागणे किंवा छातीत घरघर होणे यासाठी मात्र असा प्रयोग घरी करू नये; फुले लगेच हलवावीत आणि डॉक्टरांना दाखवावे.