परकीय चलनातील इन्व्हॉइस आणि जीएसटी परतावा: इन्व्हॉइसच्या तारखेचा दर कसा लावावा

पुण्यात बाणेर, खराडी किंवा कोथरूडमधून परदेशी ग्राहकांना सॉफ्टवेअर, डिझाइन अशा सेवा देणाऱ्या लहान संस्था न वापरलेल्या इनपुट टॅक्स क्रेडिटचा परतावा मागतात. त्या अर्जांत त्रुटी निघण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे चलन, रक्कम किंवा दर यांपैकी एखादी गोष्ट चुकीची नोंदलेली असणे.

परताव्यास पात्र ठरण्यासाठी सेवा कायद्याच्या व्याख्येनुसार निर्यात असावी लागते. सेवा देणारा भारतात, घेणारा आणि सेवेचे पुरवठास्थान भारताबाहेर, मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात (रिझर्व्ह बँकेची परवानगी असेल तेथे रुपयांत) मिळालेला, आणि दोन्ही पक्ष एकाच संस्थेच्या शाखा नसलेले, अशा या अटी आहेत. कर न भरता निर्यात करायची असल्यास त्या आर्थिक वर्षाचे हमीपत्र, म्हणजे एलयूटी, RFD-11 या नमुन्यात आधी दाखल केलेले असावे.

दराचा नियम सीजीएसटी नियम ३४ मध्ये आहे. वस्तूंसाठी सीमाशुल्क मंडळाने अधिसूचित केलेला दर लागतो, तर सेवांसाठी सर्वमान्य लेखातत्त्वांनुसार ठरणारा दर घेतला जातो, आणि दोन्ही बाबतींत तारीख असते ती पुरवठ्याच्या वेळेची. सेवा दिल्यापासून ३० दिवसांत इन्व्हॉइस काढले असेल आणि पैसे त्याआधी आलेले नसतील, तर ही वेळ म्हणजे इन्व्हॉइसची तारीख होय. आगाऊ रक्कम आलेली असेल तर तेवढ्या रकमेला ती मिळाल्याच्या दिवसाचा दर लागतो, हे बरेच जण विसरतात. सेवांसाठी एफबीआयएल या संस्थेने रोज जाहीर केलेला संदर्भ दर घेण्याची पद्धत रूढ आहे. तो सुट्टीच्या दिवशी प्रसिद्ध होत नसल्यामुळे आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर घ्यावा आणि वर्षभर तीच पद्धत ठेवावी.

दर शोधण्यापूर्वी इन्व्हॉइस नीट वाचावे लागते, आणि माझ्या मते खरी जोखीम येथेच आहे. नुसते `$` हे चिन्ह अमेरिकी, ऑस्ट्रेलियन, कॅनेडियन किंवा सिंगापूर डॉलर यांपैकी कशाचेही असू शकते, म्हणून करार आणि बँकेची जमा-सूचना पाहून `USD` किंवा `AUD` असा तीन अक्षरी संकेत नोंदवावा. ग्राहकाच्या पोर्टलवर तयार झालेल्या इन्व्हॉइसवर 05/06/2025 अशी तारीख असेल, तर अमेरिकी पद्धतीने ती ६ मे ठरते आणि आपल्या पद्धतीने ५ जून. चुकीच्या वाचनाने दर तर बदलतोच, शिवाय व्यवहार चुकीच्या महिन्याच्या विवरणपत्रात जातो. येनचा दर १०० येनमागे दिलेला असतो. २,५०,००० येनच्या इन्व्हॉइसला ५९.५० हा दर थेट गुणला, तर १,४८,७५० रुपयांऐवजी १,४८,७५,००० रुपये येतात.

एक उदाहरण घेऊ. बाणेरच्या एका डिझाइन संस्थेने जर्मन ग्राहकाला ८ जून २०२५ रोजी `EUR 4.250,00` चे इन्व्हॉइस दिले. जर्मन लिखाणात टिंब हजारांसाठी आणि स्वल्पविराम दशांशासाठी असतो, त्यामुळे ही रक्कम चार हजार दोनशे पन्नास युरो आहे, सव्वाचार युरो नव्हे. ८ जून रविवार असल्याने शुक्रवार, ६ जूनचा दर घ्यायचा, तो ९८.०० धरला, तर GSTR-1 च्या तक्ता 6A मध्ये ४,१६,५०० रुपये नोंदवायचे. पुढे १४ जुलैला परदेशी बँकेने २० युरो शुल्क कापले आणि उरलेले ४,२३० युरो ९९.१० दराने जमा होऊन ४,१९,१९३ रुपये आले. हे २,६९३ रुपये जास्त आले म्हणून GSTR-1 मधील मूल्य बदलायचे नाही. ४,६७५ रुपये विनिमय नफा आणि १,९८२ रुपये बँक शुल्क अशी हिशेबात वेगळी नोंद करायची, म्हणजे फरक नेमका जुळतो. हा जुळणीचा तक्ता अर्जाला जोडावा, असा माझा आग्रह आहे, कारण नियम ८९(४) नुसार सेवांची निर्यात उलाढाल मुख्यतः प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवरून मोजली जाते आणि तपासणारा अधिकारी दोन आकडे शेजारी ठेवून पाहतो.

अर्ज जीएसटी पोर्टलवर RFD-01 मध्ये करावा. त्यासोबत इन्व्हॉइस व वसुलीचे विवरण (Statement 3), परदेशातून रक्कम मिळाल्याचे बँकेचे प्रमाणपत्र म्हणजे एफआयआरसी किंवा बीआरसी, एलयूटीचा क्रमांक आणि GSTR-2B जोडावे. इन्व्हॉइसवर एलयूटीखाली कर न भरता निर्यात असल्याचा विहित शेरा छापलेला असावा. सेवा पूर्ण झाल्यावर पैसे आले असतील, तर पैसे मिळाल्याच्या तारखेपासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. आपली नोंदणी राज्याच्या अखत्यारीत आहे की केंद्राच्या, हे पोर्टलवर पाहून घ्यावे. पुण्यात राज्याचे कार्यालय येरवड्यात विमानतळ रस्त्यावर आहे आणि केंद्राचे ससून रस्त्यावर. अर्ज पूर्ण असेल तर १५ दिवसांत RFD-02 ही पोच मिळते. त्रुटी असल्यास RFD-03 येते आणि मग दुरुस्त अर्ज नव्याने भरावा लागतो.