वीस, वीस, वीस, वीस: वॉर्डातील एका मृत्यूचे परीक्षण कसे मांडतात

मोठ्या रुग्णालयांतील विभागांमध्ये महिन्यातून एकदा एक बैठक होते. त्या महिन्यात वॉर्डात झालेल्या मृत्यूंपैकी एक निवडून तो सर्वांसमोर मांडला जातो. तिला ‘मॉर्टॅलिटी मीटिंग’ म्हणतात. ठाण्यातील एका रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात मी अशा बैठका अनेक वर्षे ऐकल्या आहेत आणि काही मांडल्याही आहेत. बाहेरच्या माणसाला वाटते की तिथे चूक कोणाची, हे ठरत असेल. प्रत्यक्षात बैठक चांगली झाली की वाईट, हे बहुतेक वेळा ती माहिती कोणत्या क्रमाने मांडली यावरच ठरते, म्हणून या लेखात त्या क्रमाविषयीच लिहितो. उदाहरणासाठी घेतलेला रुग्ण ही एकच एक व्यक्ती नाही. अनेक केस पेपरांमधले तपशील बदलून आणि एकत्र करून तो उभा केला आहे.

जुलै महिना. सेहेचाळीस वर्षांचे एक टेम्पोचालक चार दिवसांच्या तापाने दुपारी एक वाजता दाखल झाले. आठवड्यापूर्वी कळव्याजवळ गुडघाभर पाण्यातून त्यांनी टेम्पो ढकलला होता. डोळे लाल, पोटऱ्या दाबल्या की कळवळत होते, प्लेटलेट कमी, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन वाढलेले. ठाण्यात पावसाळ्यात काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरच्या मनात इथे लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार, येते आणि तसे ते आलेही. सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक तासाभरात सुरू झाले. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी ते गेले.

हा मृत्यू मांडण्याची जुनी, अजूनही सर्रास चालणारी पद्धत अशी: पहिल्याच स्लाइडवर निदान, ‘लेप्टोस्पायरोसिस, फुफ्फुसांतील रक्तस्राव, मृत्यू’, मग तपासण्यांचे तक्ते, मग त्या आजारावर वीस मिनिटांचे पाठ्यपुस्तकी व्याख्यान आणि शेवटी ‘अधिक दक्षता हवी’ असे एक वाक्य. यात दोष असा की शेवट आधीच कळल्यामुळे ऐकणाऱ्याला मधला प्रत्येक आकडा धोक्याची घंटा वाटू लागतो. ‘रात्री दोनला नाडी ११४ होती, तेव्हाच कळायला हवे होते,’ असे मागच्या रांगेतून हमखास ऐकू येते. मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना ब्रिटिश आणि गुरखे यांच्यातील एका जुन्या संघर्षाचे वर्णन वाचायला दिले होते आणि वेगवेगळ्या गटांना त्याचा वेगवेगळा शेवट सांगितला होता. ज्याला जो शेवट सांगितला गेला, त्याला तोच आधीपासून अधिक शक्य होता असे वाटले. मृत्यूच्या परीक्षणात आपण नेमक्या याच सापळ्यात बसलेलो असतो, कारण मृत्यू झाला आहे हे सर्वांना ठाऊकच असते. किमान त्याचे कारण आणि त्याची वेळ तरी मांडणाऱ्याने मागे ठेवावी.

म्हणून आमच्याकडचा क्रम हळूहळू बदलला. ओळख अगदी थोडक्यात: वय, व्यवसाय, तक्रार. नाव, नोंदणी क्रमांक आणि उपचार करणाऱ्यांची नावेही नाहीत. ‘रात्रपाळीची सिस्टर’, ‘ऑन-कॉल रेसिडेंट’ एवढेच. त्यानंतर लगेच कालरेषा. चाळीस मिनिटांच्या बैठकीत निम्मा वेळ तिच्यावर आणि तिच्यातल्या थांब्यांवर जावा, असे माझे ठाम मत आहे.

कालरेषा आठवणींवरून बनवायची नसते. मांडणारा रेसिडेंट रेकॉर्ड विभागातून मूळ केस पेपर काढतो आणि डॉक्टरांच्या नोंदी, सिस्टरांचा ताप-नाडी-श्वासाचा टीपीआर चार्ट, औषधांचा कागद, प्रयोगशाळेच्या संगणकातील वेळा असे चार धागे शेजारी शेजारी लावतो. इथे पहिली अडचण येते ती घड्याळांची. आमच्या या उदाहरणात वॉर्डातील भिंतीवरचे घड्याळ संगणकापेक्षा सात मिनिटे मागे होते, त्यामुळे कागदावर एक इंजेक्शन त्याच्या ऑर्डरच्याही आधी दिलेले दिसत होते. दुसरी गोष्ट, प्रत्येक अहवालाला तीन वेळा असतात: नमुना घेतल्याची, अहवाल तयार झाल्याची आणि तो कोणीतरी प्रत्यक्ष पाहिल्याची. तिसरी वेळ बहुधा कुठेच लिहिलेली नसते आणि तीच सर्वांत कामाची असते. संबंधितांशी बोलून ती शोधावी लागते आणि हे बोलणे बैठकीच्या आधी, खासगीत व्हायला हवे.

मग थांबे. जिथे कोणाला तरी काही ठरवावे लागले, अशा दोन-तीन क्षणी मांडणारा थांबतो, त्या घटकेला जेवढे ठाऊक होते तेवढेच पडद्यावर ठेवतो आणि विचारतो, ‘आता तुम्ही काय कराल?’ उत्तरे आल्याशिवाय पुढची स्लाइड नाही.

पहिला थांबा रात्री दहाचा. श्वास मिनिटाला २०, ऑक्सिजन ९५ टक्के, नाडी १०४, वरचा रक्तदाब ११४, ताप ३८.४ सेल्सिअस, रुग्ण पूर्ण शुद्धीवर. आमच्या वॉर्डात ‘न्यूज-२’ ही गुणपद्धत वापरतात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ती २०१७ मध्ये आणली. तीत प्रत्येक आकड्याला तो नेहमीच्या कक्षेपासून किती दूर आहे त्यानुसार शून्य ते तीन गुण मिळतात. बेरीज पाच झाली की डॉक्टरला तातडीने बोलवायचे, सात झाली की आणीबाणी समजायची. दहा वाजता ऑक्सिजनचा एक, नाडीचा एक, तापाचा एक, एकूण तीन. सभागृहातील बहुतेकांनी म्हटले, ‘चार तासांनी पुन्हा पाहू.’ वॉर्डातही तसेच झाले होते.

दुसरा थांबा रात्री दोनचा. श्वास २०, ऑक्सिजन ९४, नाडी ११४, रक्तदाब १०६, ताप ३७.६. गुण: ऑक्सिजनचा एक, नाडीचे दोन, रक्तदाबाचा एक. बेरीज चार. बोलावण्याची रेषा पाचला. सिस्टरने फोन केला नाही आणि नियमानुसार तो करायचाही नव्हता. सभागृहातल्या निम्म्या लोकांनी त्या घटकेला एवढ्या माहितीवर फोन केला नसता, असे हात वर करून सांगितले. मागच्या रांगेतले ते वाक्य या वेळी आले नाही.

त्यानंतर मांडणाऱ्याने नर्सिंग नोंदीतील एक ओळ दाखवली. दोन वाजून दहा मिनिटांनी लिहिले होते, ‘नातेवाईक सांगतात दम लागतो. पेशंटला बसते केले.’ आणि तिच्याखाली चार्टवरचा श्वासांचा रकाना, दाखल झाल्यापासूनचा: २०, २०, २०, २०.

ज्याला आडवे झाल्यावर दम लागतो आणि ज्याची नाडी चढत चालली आहे, त्याचा श्वास तेरा तास जागचा हलत नाही, हे पटण्यासारखे नाही. नाडी, ऑक्सिजन आणि रक्तदाब यंत्र सांगते. श्वास मात्र छातीकडे पाहत, घड्याळ धरून, पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. त्या रात्री वॉर्डात चौतीस रुग्ण आणि एक सिस्टर होती. फक्त श्वास मोजायला चौतीस मिनिटे आणि तीही दर फेरीला. अशा वेळी काय होते हे या क्षेत्रातील प्रत्येकाला माहीत आहे: १८ किंवा २० लिहिले जाते. घाईत मोजला तरी पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात, म्हणजे उत्तर १६, २०, २४ किंवा २८ असेच येणार आणि एक श्वास नजरेतून सुटला तर चारचा फरक पडणार. या पद्धतीत २० पर्यंत शून्य गुण, २१ ते २४ ला दोन आणि २५ पासून तीन. रात्री दोनला श्वास खरोखर २४ असता तर बेरीज सहा झाली असती आणि २६ असता तर सात. तो किती होता हे आता कधीच कळणार नाही आणि मांडणाऱ्याने ते तसेच, स्पष्ट सांगितले.

पहाटे पाच वीसला खोकल्यातून रक्त आले, ऑक्सिजन ८४ वर घसरला. आयसीयूत नेऊन नळी घालेपर्यंत सहा वाजले होते. मृत्यूच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म ४ वर, पहिल्या ओळीत ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिले होते. परीक्षणात हेही दुरुस्त करून दाखवायचे असते, कारण हृदय आणि श्वास थांबणे हे मरणच झाले, मरणाचे कारण नव्हे. त्या ओळीत फुफ्फुसांतील रक्तस्राव आणि खालच्या ओळीत त्याला कारणीभूत झालेला लेप्टोस्पायरोसिस, असे हवे होते.

तीन तास आधी कळले असते तर ते वाचले असते का? लेप्टोस्पायरोसिसमध्ये फुफ्फुसांत मोठा रक्तस्राव झाला तर अनेक अहवालांत निम्म्याहून अधिक रुग्ण दगावलेले आढळतात, मग ते आयसीयूत असले तरी. त्यामुळे ‘टाळता आला असता’ असा शिक्का आम्ही मारत नाही. काळजीत कुठे उणीव राहिली आणि तिचा परिणामाशी किती संबंध दिसतो, हे दोन प्रश्न वेगळे ठेवतो. कुटुंबाशीही याच भाषेत आणि याच प्रामाणिकपणे बोलावे लागते; ते काम उपचार करणाऱ्या सल्लागाराचे, बैठकीबाहेरचे.

शेवटचा भाग धड्यांचा आणि सर्वाधिक बैठका इथे फसतात. ‘श्वास काळजीपूर्वक मोजावा’ हा धडा नव्हे. तो पुढच्या रात्रपाळीच्या चौतीस मिनिटांचे काहीच करत नाही. सिस्टर इनचार्जनी स्वतः सुचवले की संध्याकाळच्या राउंडला डॉक्टरांनी जास्तीत जास्त सहा रुग्णांच्या चार्टवर लाल खूण करावी आणि पूर्ण मिनिटभर श्वास त्यांचाच मोजावा. दुसरी सूचना अशी की रुग्ण किंवा नातेवाईक ‘दम लागतो’ म्हणाले तर गुण कितीही असोत, रेसिडेंटला फोन करायचा. प्रत्येक सूचनेपुढे एका जबाबदार व्यक्तीचे पद आणि तारीख लिहिली गेली. दोनच सूचना ठेवल्या, कारण आठ-दहा लिहिल्या की एकही टिकत नाही.

तपासायचे कसे, हेही त्याच दिवशी ठरले. महिन्यातून एकदा लाल खुणेचे दहा चार्ट काढायचे, वॉर्डाबाहेरच्या एका व्यक्तीने सिस्टरच्या नोंदीनंतर लगेच त्याच रुग्णाचे श्वास पूर्ण मिनिट मोजायचे आणि दोन आकडे शेजारी लिहायचे. पुढच्या बैठकीची पहिली स्लाइड नव्या मृत्यूची नव्हती, या तक्त्याची होती. दहापैकी तीन ठिकाणी अजूनही २० होते आणि मोजणाऱ्याला २३, २६ आणि १९ मिळाले होते. उरलेल्या सात ओळींत सिस्टरच्या हातचे आकडे होते १७, २३, २१, २९, १८, २५ आणि १९.