मोठ्यांसमोर हात सोडायचा की नाही, हे भांडण येतं कुठून

परवा नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी पोळ्याला गेलो होतो, बायकोनं बोलता बोलता सहज माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं ताडकन उठलो. समोर आजी, मोठे काका बसलेले. परत येताना गाडीवर बाई एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर म्हणे, "तुला माझी लाज वाटते का?"

लाज नाही वाटत, पण ही सवय कुठून आली ते आजीला विचारलं तेव्हा कळलं. जुन्या वाड्यात नवराबायकोला स्वतःची खोलीच नसायची. पुरुष ओसरीवर, बायका माजघरात, दिवसा एकमेकांशी सरळ बोलणंसुद्धा वडीलधाऱ्यांसमोर चालायचं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून "इकडून", "आमचे हे", आणि नाव घ्यायचंच झालं तर उखाण्यात. हे बंधन फक्त बाईवर होतं असं नाही बरं का, वडलांसमोर स्वतःचं लेकरू उचलून घ्यायलाही माणूस लाजायचा, आजोबांनी बाबांना म्हणे कधी चारचौघात मांडीवर घेतलं नाही. बायकोकडे जास्त लक्ष देणं म्हणजे घरच्यांचा हक्क कमी करणं असं समजायचे. 1873 मध्ये लग्न झाल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना शिकवायला घेतलं, तर घरातल्या बायकांनी त्यावरून किती त्रास दिला ते रमाबाईंनीच लिहून ठेवलंय.

पण एक गोष्ट मला खटकते. त्याच वाड्यात बायकोवर सगळ्यांसमोर ओरडलेलं मात्र चालायचं! हात धरला तर बेशरम, आणि "तुले काही समजत नाही" म्हटलं तर कोणी मान वर करून पाहत नाही. आणि हे दुसरं माझ्यातही उतरलंय, बायकोनं दाखवून दिलं, त्याच दिवशी जेवताना काकांसमोर मी तिचं बोलणं दोनदा तोडलं होतं.

ती क्वार्टरमध्ये वाढलेली, तिचे आईबाबा टीव्ही बघताना शेजारी टेकून बसायचे, त्यामुळे तिला खांद्यावर डोकं म्हणजे काहीच वाटत नाही. मला वाटतं, काय करू. आता ठरलंय की महालात ती टेकणार नाही, पण मी झटकून उठायचं नाही, हळूच "जरा सरक ना" म्हणायचं. तिचं बोलणं मध्येच तोडायचं नाही. आजीसमोर ती मला "अहो" म्हणते, फुटाळा तलावावर फिरताना "अरे", ते तिनं आपणहून ठेवलंय.

आजीला मी विचारलं, आजोबा तुझ्यासाठी काहीच करायचे नाहीत का गं? तर म्हणे, "संध्याकाळी देवळीत गजऱ्याची पुडी ठेवून जायचे, कोणासाठी ते सांगायचे नाहीत."