टॅब बंद केला, तरी नोटिफिकेशन येतच राहतं

चतुर्थी जवळ आली की घुमट आरत्यांच्या एमपीथ्री शोधायला सुरुवात होते. डिचोलीतल्या आमच्या शेजारच्या काकींनीही शोधल्या. एका फुकट डाउनलोडच्या साइटवर फिरतं चक्र दिसलं आणि खाली ‘रोबोट नसाल तर Allow दाबा’. त्यांनी दाबलं. आरती काही मिळाली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून फोनवर ‘५ व्हायरस सापडले’ असे इशारे सुरू झाले. फोनमध्ये व्हायरस नव्हताच. हा मजकूर ती साइटच पाठवत होती.

Allow दाबणं म्हणजे त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी देणं. ही सोय क्रोममध्ये २०१५ साली आली आणि फायरफॉक्समध्ये २०१६च्या सुरुवातीला. ईमेल आलं, बातमी आली, तर साइट उघडी नसतानाही कळावं, एवढाच हेतू. त्यासाठी परवानगी मिळालेली साइट ब्राउझरमध्ये सर्व्हिस वर्कर नावाची छोटी स्क्रिप्ट ठेवते आणि निरोप आला की ब्राउझर तिला जागं करतो. म्हणून टॅब बंद करून किंवा नुसती हिस्टरी पुसून काही होत नाही. परवानगी साइटच्या पत्त्याला दिलेली असते, आणि ती तशीच राहते.

जाहिरातवाल्यांनी हे लगेच हेरलं. एक Allow मिळालं की रोज हव्या तितक्या जाहिराती पाठवता येतात. काही टोळ्या तर माणसाला एकाच साइटच्या एका सबडोमेनवरून, म्हणजे पोटपत्त्यावरून, दुसऱ्यावर ढकलत प्रत्येक ठिकाणी नवी परवानगी मागतात. ब्राउझरवाल्यांना जाग आली ती उशिरा, असं माझं मत. फायरफॉक्स ७२ आणि क्रोम ८० या २०२०च्या आवृत्त्यांनी न विचारता उगवणाऱ्या, परवानगी मागणाऱ्या चौकटींना आवर घातला. पुढे फसव्या साइटींची परवानगी क्रोम आपण होऊन काढू लागला, पण सगळ्याच साइटी त्याच्या तावडीत सापडत नाहीत.

काकींच्या अँड्रॉइड फोनवर क्रोमचे तीन ठिपके दाबून Settings, मग Site settings, मग Notifications उघडलं. परवानगी दिलेल्यांच्या यादीत एकाच नावाच्या, पुढचे आकडे तेवढे वेगळे असलेल्या साइटी निघाल्या. एकेक उघडून बंद केली. एक राहिली असती तरी इशारे चालूच राहिले असते. संगणकावर हीच यादी `chrome://settings/content/notifications` इथे मिळते. तिथे Remove केलं तर साइट पुन्हा विचारू शकते, Block केलं तर नाही.

एवढं करूनही इशारे आले, तर त्यातला एक बोटाने दाबून धरावा. वर क्रोमचं नाव असेल तर यादीत अजून एखादी साइट उरली आहे. दुसऱ्याच ॲपचं नाव दिसलं, तर उपद्रव त्या ॲपचा आहे. अशा वेळी ब्राउझरमध्ये शोधून उपयोग नाही, ते ॲपच काढावं लागतं.