प्रवास दहा हजार मैलांचा, खात्यात साडेतीन हजार: माइल्स कसे मोजतात आणि राहिलेले कसे मागायचे

न्यूयॉर्कच्या JFK विमानतळावरून फ्रँकफर्ट, तिथे विमान बदलून सिंगापूर, असा एका बाजूचा प्रवास धरू. पहिला टप्पा साधारण ३,८५० मैलांचा, दुसरा ६,३८५ मैलांचा. बेरीज १०,२३५. प्रवाशाच्या हातातल्या पावतीवरही प्रत्येक टप्प्यापुढे जवळपास हेच आकडे छापलेले असतात. दोन-तीन आठवड्यांनी तो विमान कंपनीच्या माइल्स योजनेतलं, म्हणजे प्रवासाबद्दल पुढच्या तिकिटांसाठी वापरता येणारे गुण देणाऱ्या योजनेतलं, आपलं खातं उघडतो, तर जमा माइल्स फक्त ३,५२१. लगेच तक्रार करावीशी वाटते, पण आधी हिशेब मांडून बघावा, कारण बऱ्याचदा जमा रक्कम नियमाप्रमाणे बरोबर असते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आता बऱ्याच कंपन्या स्वतःच्या उड्डाणांवर अंतर बघतच नाहीत, तिकिटाला मोजलेल्या पैशांवर माइल्स देतात. डेल्टा आणि युनायटेड २०१५ मध्ये या पद्धतीकडे वळल्या, अमेरिकन एअरलाइन्स २०१६ मध्ये. मात्र भागीदार कंपनीच्या विमानाने गेलात, तर अशा योजनांमध्येही अनेकदा अंतराचाच हिशेब लागतो. काही योजना अजून पूर्णपणे अंतरावर चालतात. पुढचं सगळं या अंतराच्या हिशेबाबद्दल आहे.

'उडालेलं अंतर' म्हणजे विमानाने कापलेलं अंतर नव्हे

इथेच पहिला घोटाळा होतो. योजनेच्या नियमात 'उड्डाण अंतर' असा शब्द असतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, विमान जितकं फिरलं तितके मैल. प्रत्यक्षात कंपनीकडे एक तक्ता असतो. त्यात दोन विमानतळांमधलं पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर लिहिलेलं असतं, आणि खात्यात तेच धरतात. वादळ टाळून वळसा घेतला, उतरण्याआधी अर्धा तास घिरट्या घातल्या, तरी एक मैलही वाढत नाही.

हेलसिंकी–टोकियो मार्गावर हे ठळक दिसतं. २०२२ पर्यंत हे विमान रशियावरून जायचं आणि नऊ-दहा तासांत पोहोचायचं. रशियाचं आकाश बंद झाल्यावर तोच प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. विमान कितीतरी जास्त मैल उडतं, तक्त्यातला आकडा मात्र जागचा हलला नाही, कारण हेलसिंकी आणि टोकियो जिथे होते तिथेच आहेत.

उड्डाण दाखवणाऱ्या ॲपमधला आकडा घेऊन भांडणाऱ्यांनी आणखी एक बघावं. तिथे बऱ्याचदा किलोमीटर किंवा सागरी मैल असतात. सागरी मैल १,८५२ मीटरचा, माइल्सच्या तक्त्यातला साधा मैल सुमारे १,६०९ मीटरचा. एकक न बघता सागरी मैलांशी तुलना केली, तर फरक आपोआप पंधरा टक्क्यांचा निघतो.

तिकिटातलं अंतर कशासाठी असतं

आंतरराष्ट्रीय तिकिटाच्या पावतीवर खाली एक गिचमिड ओळ असते, जी कुणी वाचत नाही. आपल्या उदाहरणात ती काहीशी अशी दिसेल (कंपन्यांची चिन्हं आणि रक्कम काल्पनिक):

```
NYC XX X/FRA YY SIN M812.40NUC812.40END ROE1.00
```

ही भाड्याची मांडणी. न्यूयॉर्क ते सिंगापूर या भाड्यात प्रवाशाला जास्तीत जास्त किती मैल फिरून जाता येईल, याची एक मर्यादा असते. साधारणपणे ती थेट अंतरापेक्षा २० टक्क्यांनी जास्त ठेवतात. टप्प्यांच्या मैलांची बेरीज त्या मर्यादेत बसली, तर रकमेआधी नुसतं `M` येतं. बसली नाही, तर `5M`, `10M` असं काही येतं, म्हणजे भाडं तितके टक्के वाढवलं. तिकिटाच्या अंतराचं काम इथेच संपतं. ते भाडं ठरवण्यासाठी असतं, माइल्स देणाऱ्या विभागाला त्याच्याशी देणंघेणं नसतं.

ओळीत JFK नाही, NYC आहे, हेही बघा. भाड्याची मांडणी शहर धरून होते. माइल्सचा तक्ता सहसा विमानतळ धरून असतो. एका शहराला दोन-तीन विमानतळ असले की दोन्ही आकडे थोडे इकडेतिकडे होतात. त्यात एकाने पृथ्वी पूर्ण गोल धरली आणि दुसऱ्याने ध्रुवांकडे चपटी, तर लांबच्या मार्गावर आणखी काही मैलांचा फरक पडतो. एवढ्यासाठी अर्ज करू नका. फेटाळला जाईल, आणि बरोबरच आहे.

एकच क्रमांक, मध्ये थांबा

आता हाच प्रवास वेगळ्या रीतीने करू. न्यूयॉर्क–सिंगापूर एकाच उड्डाण क्रमांकाखाली, फक्त मध्ये फ्रँकफर्टला थांबा. प्रवासी खाली उतरतो, तासाभराने त्याच क्रमांकाच्या विमानात परत बसतो. अशा वेळी अनेक योजना न्यूयॉर्क ते सिंगापूर हे सरळ अंतरच मोजतात, म्हणजे ९,५३७ मैल. दोन वेगळ्या क्रमांकांनी गेलेल्या प्रवाशाला मात्र १०,२३५ वर हिशेब मिळतो. आसन तेच, थांबा तोच, फरक सुमारे सातशे मैलांचा.

हे ओळखणं सोपं आहे. ई-तिकिटावर JFK ते SIN एकच ओळ असेल आणि थांब्यांच्या रकान्यात १ असेल, तर तो एक टप्पा. दोन ओळी असतील, तर दोन टप्पे.

खरी गळती: बुकिंग क्लासचं अक्षर

इकॉनॉमी हा एक वर्ग नाही. त्याच केबिनमध्ये डझनभर अक्षरं विकली जातात: `Y`, `M`, `V`, `L` वगैरे. प्रत्येक अक्षराला योजनेच्या तक्त्यात टक्केवारी दिलेली असते. महागड्या अक्षराला १०० टक्के किंवा त्याहून जास्त, स्वस्त अक्षराला ५०, २५ किंवा चक्क शून्य. कुठलं अक्षर कुठे बसतं, हे प्रत्येक योजनेत वेगळं.

आपल्या प्रवाशाचा पहिला टप्पा ५० टक्क्यांच्या अक्षरात होता: ३,८५० चे निम्मे, १,९२५. दुसरा २५ टक्क्यांच्या अक्षरात: ६,३८५ चा चौथा हिस्सा, १,५९६. बेरीज ३,५२१. खात्यातला आकडा हाच. काहीही राहिलेलं नाही, अर्ज करण्यात अर्थ नाही.

कोडशेअरमध्ये जास्त जपावं लागतं. तिकिटावर एका कंपनीचा उड्डाण क्रमांक असतो आणि विमान दुसरीचं. काही योजना तिकीट विकणाऱ्या कंपनीचा तक्ता लावतात, काही विमान उडवणाऱ्या कंपनीचा. दोन्हीकडे तेच अक्षर असेल असंही नाही. तेव्हा तक्ता उघडण्याआधी योजनेच्या नियमात तो कोणत्या कंपनीच्या क्रमांकासाठी आहे, हे वाचा. माझ्या ओळखीतले निम्मे गैरसमज चुकीचा तक्ता उघडल्यामुळे झाले आहेत.

कोणाला मागता येतात

हिशेब मांडूनही जमा आकडा कमी असेल, किंवा एखादा टप्पा खात्यात दिसतच नसेल, तरच दावा खरा. स्वतः प्रवास केलेल्या सदस्यालाच मागता येतो. पैसे कुणी भरले हे बघत नाहीत. तिकिटावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळायला हवं. लग्नानंतर एकीकडे नाव बदललं आणि दुसरीकडे नाही, तर आधी खात्यातलं नाव दुरुस्त करून घ्यावं. माइल्स खर्चून घेतलेलं तिकीट आणि कर्मचारी सवलतीचं तिकीट यांवर सहसा माइल्स मिळत नाहीत. एक उड्डाण एकाच योजनेत जमा होतं. दुसऱ्या योजनेत आधीच जमा झालं असेल, तर ते हलवून घेणं फार अवघड.

अर्ज आणि कागदपत्रं

घाई करू नका. स्वतःच्या कंपनीचं उड्डाण काही दिवसांत जमा होतं, भागीदाराचं यायला काही आठवडे लागू शकतात. पण फार रेंगाळूही नका. मुदत प्रवासाच्या तारखेपासून मोजतात. ती सहसा सहा महिने ते एक वर्ष असते, योजनेप्रमाणे बदलते.

खात्यात लॉग इन केल्यावर `Claim missing miles` किंवा `Retroactive credit` अशा नावाचा फॉर्म सापडतो. त्यात तिकीट क्रमांक लागतो. तो १३ अंकी असतो, आणि पहिले तीन अंक तिकीट देणाऱ्या कंपनीचे. सहा अक्षरांचा बुकिंग संदर्भ वेगळा. तो टाकला की अर्ज तिथेच अडकतो. शिवाय उड्डाण क्रमांक, तारीख आणि बुकिंग क्लास. दोन टप्पे राहिले असतील, तर दोन वेगळ्या नोंदी करा.

सोबत ई-तिकिटाची पावती आणि बोर्डिंग पास. पावतीवरून तिकीट घेतल्याचं कळतं, पासवरून विमानात बसायला आल्याचं. एकदा मी पासचा फोटो असा काढला की तिकीट क्रमांकाचे शेवटचे दोन अंक अंगठ्याखाली गेले. अर्ज परत आला, तोवर कागदी पास कचऱ्यात गेला होता. मोबाइलवरचा पास तर उड्डाणानंतर ॲपमधून नाहीसा होतो. गेटवर उभे असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि खात्यात माइल्स दिसेपर्यंत जपून ठेवा.

पास स्कॅन होतो तेव्हा तिकिटाच्या त्या टप्प्याची स्थिती बदलते आणि उड्डाणानंतर ती `FLOWN` किंवा `USED` होते. माइल्स त्यावर अवलंबून असतात. स्कॅनर बंद पडला आणि कर्मचाऱ्याने हाताने नोंद केली, तर कधीकधी स्थिती `OPEN` राहून जाते. प्रवास झालेला, पण नोंदीत नाही. असं वाटलं, तर तिकीट देणाऱ्या कंपनीला त्या टप्प्याची स्थिती विचारा आणि उत्तर अर्जाला जोडा.

उड्डाण रद्द होऊन दुसरीकडे बसवलं तर

इथे हक्काने मागावं. समजा फ्रँकफर्ट–सिंगापूर रद्द झालं आणि कंपनीने तुम्हाला भागीदार नसलेल्या कंपनीच्या विमानात बसवलं. नव्या उड्डाणावर तुमच्या योजनेत काहीच जमा होणार नाही. पण अनेक कंपन्या विनंती केल्यास मूळ मार्गाप्रमाणे माइल्स देतात. बदल कंपनीमुळे झाला असेल तरच. स्वतः तारीख बदलली, तर नाही.

यासाठी मूळ पावती, बदललेली पावती, रद्द झाल्याचा संदेश आणि प्रत्यक्ष वापरलेला बोर्डिंग पास असे चार कागद लागतात. नेहमीच्या फॉर्ममध्ये जुनं उड्डाण टाकलं, तर 'प्रवास आढळला नाही' असं आपोआप उत्तर येतं, म्हणून हा अर्ज ग्राहक सेवेकडे लेखी करावा. मजकूर दोन-तीन ओळींचा पुरे: मूळ उड्डाण कोणतं, कोणत्या अक्षरात होतं, रद्द कधी झालं, त्याऐवजी कशाने गेलो, आणि मूळ हिशेबाने किती माइल्स होतात. आपल्या उदाहरणात शेवटचा आकडा ६,३८५ नाही, १,५९६ आहे, तोच लिहा.